भाडेकरूला न काढता घालवायचे उपाय

(गेल्या आठवड्यात गच्चीवर गुपचूप आवळलेल्या एका व्हॉल्व्हला सविनय अर्पण.)

मालक, भाडेकरू नकोसा झाला म्हणून कोर्टात कशाला जाता? वकील, तारीख, परत तारीख. तो आपणहून सामान बांधेल असं बघा की!

सकाळी सातला बेल वाजवा, "सहज आलो होतो" म्हणा आणि थेट बेडरूमपर्यंत जा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 28 ने घर पाहायचा हक्क तुम्हाला दिलाच आहे. त्याच कलमात 'वाजवी वेळी' आणि 'आधी सूचना देऊन' असंही आहे, पण एवढं कोण वाचतं?

भाडं रोख घ्या, पावती देऊ नका.

आता खरा उपाय, पाणी. ते साफ बंद करणं अडाण्याचं काम. गच्चीवरच्या टाकीतून त्याच्या फ्लॅटला उतरणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडा ठेवा. धार करंगळीएवढी झाली की गॅस गीझर पेटतच नाही, वॉशिंग मशीन भरता भरत नाही. तक्रार आली तर "लायनीत हवा धरली असेल" म्हणा.

घोटाळा एवढाच की भाडेकरू नळाखाली बादली लावून घड्याळ बघतो. तीन मिनिटांत भरणारी बादली पंधरा मिनिटं घेते आणि वरच्या-खालच्या घरात पाणी धो धो असतं, तेव्हा ती हवा कोणाची हे त्याला कळतं. मग तो व्हॉल्व्हचा फोटो काढतो, त्याच दिवशी तुम्हाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवतो आणि कलम 29 खाली कोर्टात अर्ज करतो. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट यातलं काहीही सबळ कारणाशिवाय तोडायचं नाही, असं ते कलम सांगतं. घर रिकामं करून घ्यायला किंवा भाडं वाढवून घ्यायला तोडलंय असं दिसलं, तर चौकशी संपायच्या आधीच पाणी सुरू करायचा हुकूम होऊ शकतो. हुकूम पाळला नाही तर दंड दिवसाला फार तर 100 रुपये. टँकरपेक्षा स्वस्तच! तीन महिन्यांपर्यंतची कैदही त्याच कलमात आहे, ती मात्र फुकट.

लिव्ह अँड लायसन्सवाला असेल तर तुमची जरा चैन. कलम 29 मध्ये शब्द 'भाडेकरू' आहे, त्यामुळे त्याला बहुधा दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागत बसावं लागतं. न सांगता घरात घुसणं मात्र त्याच्याकडेही चालत नाही, कलम 28 मध्ये तोही आहे. आणि करार नोंदवायचा राहिला असेल तर ती जबाबदारी तुमची होती. अटींवरून वाद झाला की, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत, तो म्हणेल तेच खरं.

पुरे झाली ही थट्टा. घर तुमचं आहे, कोणी नाही म्हणत नाही. परत हवंय? नोटीस द्या, कोर्टात या, कारण सांगा. तीन जिने बादल्या वाहणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी कसली मर्दुमकी दाखवताय? लाज वाटू द्या. वर जा आणि तो व्हॉल्व्ह उघडा. पूर्ण.