स्मरणिका: ३०० प्रती, ११५ रुपये भाव आणि त्याचा हिशेब

★★☆☆☆
"मंडळाची ९६ पानी स्मरणिका इथे छापली. काम ठीक, पण ३०० प्रतींचे प्रत्येकी ११५ रुपये घेतले. तशीच स्मरणिका आमच्या साडूंच्या मंडळाने पुण्यातल्या मोठ्या प्रेसमध्ये ३१ रुपयांना छापून घेतली, ३,००० प्रती. नंतर आम्ही ५० जादा प्रती मागितल्या तर २०० रुपये भाव सांगितला, प्लेटा तयार असताना! ग्वाल्हेरच्या लश्कर भागात दुसरी प्रेस नाही असं समजू नये."

प्रेसकडून उत्तर:

नमस्कार. जादा ५० प्रतींचा भाव आमच्याकडून चुकीचा सांगितला गेला. त्यावर शेवटी लिहितो, आधी ११५ रुपयांचा हिशेब मांडतो.

स्मरणिकेची आतली ९६ पानं म्हणजे १६ पानांचे ६ फर्मे. आमच्या मशीनवर डेमी ताव चालतो, त्याच्या एका बाजूला ८ पानं बसतात आणि प्रत्येक बाजूला दर रंगाची एक प्लेट लागते. म्हणून आतल्या पानांना १२ प्लेटा आणि चाररंगी मुखपृष्ठाला ४, अशा १६ प्लेटा. २५० रुपयांनी ४,००० झाले. प्लेट चढवायची, कागदाची धार जुळवायची, शाई-पाण्याचा मेळ बसवायचा, मुखपृष्ठाला दर रंगानंतर रोलर धुवायचे, याचे दर प्लेटमागे ४५० रुपये, म्हणजे ७,२००. मराठी अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला १०० रुपये, एकूण ९,६००. (ग्वाल्हेरात 'ऱ्या' नीट टाइप करणारा ऑपरेटर शोधून पाहा, हा दर जास्त वाटणार नाही.) शिवाय मशीन जुळेपर्यंत दर फर्म्याला साठेक ताव आणि मुखपृष्ठाचे ऐंशीएक ताव वाया जातात. ते सुमारे १,०५० रुपयांचे.

बेरीज साधारण २१,९०० होते. मशीनमधून पहिली चांगली प्रत पडायच्या आधीच हा पैसा संपलेला असतो, आणि तो प्रतींच्या संख्येवर अवलंबून नाही. आपण ३०० ऐवजी ३,००० प्रती सांगितल्या असत्या तरी प्लेटा १६च लागल्या असत्या. हा खर्च ३०० प्रतींवर वाटला तर प्रतीमागे ७३ रुपये पडतो, ३,००० वर वाटला तर ७ रुपये ३० पैसे.

प्रत्येक प्रतीमागे खरोखर वाढणारा खर्च वेगळा: आतला कागद ९ रुपये ६० पैसे, मुखपृष्ठाचा दीड, लॅमिनेशन २, शाई आणि मशीन चालवणं २, बायंडिंग ११. साधारण २६ रुपये. ७३ अधिक २६ म्हणजे ९९. वरचे १६ रुपये भाडं, वीज, हप्ता आणि आमची कमाई.

मशीनपाशी उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. एक प्लेट लावून जुळवायला २० ते २५ मिनिटं जातात. मग तासाला ५,००० च्या वेगाने ३०० ताव चार मिनिटांत निघतात, आणि मशीन थांबवून पुढची प्लेट. ३,००० प्रती असत्या तर त्याच जुळणीवर मशीन ३६ मिनिटं चाललं असतं. कागदाचंही तसंच. आपल्या कामाला आतले १,८०० ताव लागले आणि जुळवणीत ३६० गेले, म्हणजे वीस टक्के. ३,००० प्रतींना १८,००० ताव लागतात आणि जुळवणीत तेच ३६० जातात, दोन टक्के.

म्हणजे तेवढ्याच प्रती आमच्याकडेही साधारण ३३ रुपयांत पडल्या असत्या, पण तो झाला नुसता खर्च. मोठी प्रेस नफा धरूनही ३१ ला देऊ शकते, कारण तिचं मशीन डबल डेमी ताव घेतं. एका बाजूला १६ पानं बसतात, म्हणून आतल्या १२ ऐवजी ६च प्लेटा आणि ६च जुळण्या. ताव दुप्पट झाला म्हणून माणसं दुप्पट लागत नाहीत. कागद गिरणीकडून टनांनी येतो, आम्ही दाल बाजाराकडच्या व्यापाऱ्याकडून रीम घेतो. आमच्याकडे ११ रुपयांना पडणारं बायंडिंग तिथे पट्ट्यावरचं यंत्र करतं, तेही दिवसभर रिकामं न राहता. मात्र त्याच प्रेसला ३०० प्रतींचा भाव विचारून पाहा. मोठं मशीन चार मिनिटांसाठी थांबवून जुळवणं त्यांना आमच्यापेक्षा महाग पडतं.

एक गोष्ट आम्ही कोटेशनमध्येच लिहायला हवी होती. हा फायदा सुरुवातीला खूप मोठा असतो आणि मग पटकन आटतो. ३०० वरून ६०० प्रतींवर गेलं की प्रतीमागे साडेछत्तीस रुपये वाचतात. ३,००० वरून ६,००० वर गेलं तर फक्त ३ रुपये ६५ पैसे, कारण खाली २६ रुपयांचा कागद-बायंडिंगचा तळ आहे आणि तो प्रती वाढवून फारसा हलत नाही. ६०० प्रती आम्ही ७५ रुपयांनी दिल्या असत्या, म्हणजे ३४,५०० च्या जागी ४५,००० चं बिल आणि हातात दुप्पट प्रती. ३,००० प्रती ३१ रुपयांनी घेतल्या तर बिल ९३,००० चं होतं. सभासद तीनशे असतील तर उरलेल्या २,७०० प्रती मंडळाच्या कपाटात जातील. रद्दीवाल्याचा भाव आपल्याला माहीत आहेच.

आता त्या ५० प्रती. प्लेटा तयार होत्या, खरं आहे, पण उतरवलेली प्लेट क्लॅम्पपाशी वाकलेली असते, आणि वेळेवर डिंकाचा हात दिला नाही तर कोऱ्या जागीही शाई धरू लागते. ती सहसा ॲल्युमिनियमच्या भंगारात जाते. आपल्या प्लेटा फुकट आणि धडधाकट आहेत असं धरलं तरी जुळणी आणि वाया जाणारा कागद मिळून सुमारे ८,२५० रुपये ५० प्रतींवर पडतात, प्रतीमागे १६५. त्यात २६ मिळवले की १९१. काउंटरवर २०० सांगितले ते इथून आले.

चूक अशी की ५० प्रतींना ऑफसेट, म्हणजे ही प्लेटांवरची छपाई, लावायचीच नसते. डिजिटल मशीनला प्लेटही नाही आणि जुळणीही नाही. तिथे आतलं पान पन्नास पैशांनी पडतं, म्हणजे ४८ रुपये, मुखपृष्ठ १०, बायंडिंग १५. ७३ रुपयांत प्रत तयार, आणि पहिल्या प्रतीचा व पन्नासाव्या प्रतीचा खर्च सारखाच. प्लेटा, जुळणी आणि वेस्टेज यांचे सव्वाबारा हजार भरून निघायला साधारण २६० प्रती लागतात. त्याच्या आत डिजिटल स्वस्त, वर ऑफसेट. आपल्या ३०० प्रती त्या रेषेच्या जरा वर होत्या म्हणून ऑफसेट घेतला. ५० तर कितीतरी खाली.

त्या ५० प्रती ९० रुपयांनी करून देतो. अक्षरजुळणी झालेली आहे, तिचे पुन्हा लागणार नाहीत. फरक इतकाच दिसेल की टोनरमुळे अक्षर जरा चकाकतं आणि मुखपृष्ठाचा केशरी पहिल्या प्रतींशी तंतोतंत जुळणार नाही. आधी एक नमुना प्रत काढून ठेवतो. ती पहिल्या स्मरणिकेशेजारी ठेवून पाहा आणि मगच होकार द्या.