बँकवाल्यांनो, तारीख तरी धड द्या रे

एवढं चकाचक ॲप काढलंय, आणि स्टेटमेंट डाउनलोड केलं की तीच भिकार सीएसव्ही. वर नाव, पत्ता, ब्रांच, आयएफएससी, मग चांदण्यांची रांग, आणि मग कुठेतरी खाली पहिला व्यवहार. सीएसव्ही आहे की लग्नपत्रिका??

सोसायटीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला क्यूआयएफ नावाची साधी टेक्स्ट फाइल लागते. वर एकदा टाइप लिहायचा आणि मग एका व्यवहाराला एवढंच:

```
!Type:Bank
D03/04/2025
T-18500.00
PLift AMC
^
```

रक्कम एकच, खर्च असेल तर मायनस. बँक देते विड्रॉवल आणि डिपॉझिटचे दोन वेगळे कॉलम, त्यात 1,05,000.00 असे स्वल्पविराम. ठीक आहे, स्वल्पविराम उडवा, डिपॉझिटमधून विड्रॉवल वजा करा, झालं. त्याचं काही नाही.

डोकं फिरतं ते तारखेपायी. बँकेने लिहिलंय 03/04/25, म्हणजे 3 एप्रिल. कमिटीतल्या कोणीतरी फाइल नुसती डबलक्लिक करून उघडली, लॅपटॉपचं सेटिंग अमेरिकन, स्प्रेडशीटने न विचारता केलं 4 मार्च! आणि 13/04/25 ला तेरावा महिना सापडेना म्हणून ते तसंच टेक्स्ट म्हणून सोडून दिलं. म्हणजे एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा उलट्या, अर्ध्या सुलट्या. नीट बघितलं तर कळतं, काही तारखा सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, काही डावीकडे, पण एवढं बघतंय कोण.

आणि बेरीज? बेरीज अगदी बरोबर येते ना! रक्कम बदललेलीच नाही, क्लोजिंग बॅलन्स पैशाला पैसा जुळतो, सगळे खूश. फक्त लिफ्टचे साडेअठरा हजार नव्या आर्थिक वर्षातून उचलून मागच्या वर्षात जाऊन बसलेत, कारण मध्ये 31 मार्च गेला. मग ऑडिटर विचारणार आणि तोंड आमचं दिसणार. पकडायचं असेल तर तारखेने सॉर्ट करून प्रत्येक ओळीचा बॅलन्स बँकेच्या बॅलन्सशी लावून बघा, जिथे पहिल्यांदा फाटतं तिथे ही घाण असते. नाहीतर डबलक्लिक न करता इम्पोर्टमधून उघडा आणि तारखेच्या कॉलमला आधीच दिवस-महिना-वर्ष सांगा.

बरं क्यूआयएफ पण कमी नाही, तारीख कुठल्या क्रमाने लिहिलीये हे सांगायची त्यात सोयच नाही, समोरच्या सॉफ्टवेअरने विचारावं नाहीतर अंदाज लावावा. ओएफएक्स नावाचा दुसरा फाइल फॉरमॅट आहे, त्यात सरळ 20250403 लिहितात, वादच नाही, वर प्रत्येक व्यवहाराला वेगळा आयडी, त्यामुळे तीच फाइल चुकून परत टाकली तरी डबल एंट्री होत नाही. मग तेच द्या की!! कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे, सर पीडीएफ अव्हेलेबल आहे, पासवर्ड तुमची जन्मतारीख.