अनंत शिडी, १.६१८ आणि तो फॉरवर्ड

«अनंत रेझिस्टरच्या शिडीचा रेझिस्टन्स १.६१८R येतो हे क्लासवाल्यांचं थोतांड आहे. अनंत रेझिस्टर जोडले तर उत्तर अनंतच यायला पाहिजे. एक कप्पा काढला तरी शिडी तीच राहते असं धरलं की काहीही सिद्ध करता येतं, याच ट्रिकने १+२+४+८+… = −१ पण येतं. वर त्या समीकरणाला दोन उत्तरं, नको ते गुपचूप टाकून देतात. कोणाचं उत्तर ०.६१८, कोणाचं २.७३२. आणि अशी शिडी बनवता येतच नाही, मग शिकायची कशाला? पटलं तर पुढे पाठवा.»

पटलं नाही, पण त्यातला −१ वाला मुद्दा खरंच चांगला आहे, त्यावर नीट बोलतो, बाकीचे पटापट.

आधी सर्किट कुठलं ते ठरवू. वरच्या तारेत एक आडवा रेझिस्टर, त्याच्या पुढच्या टोकापासून खालच्या तारेपर्यंत एक उभा, मग परत आडवा, परत उभा, असं चालूच. एक आडवा आणि एक उभा मिळून एक कप्पा. खालची तार नुसती तार. सगळे रेझिस्टर सारखे, आणि आकडेमोड सोपी जावी म्हणून प्रत्येक १ धरू.

आता अनंतचं. एकामागे एक सिरीजमध्ये लावत गेलात तर अनंत येईल, कबूल. पण इथे करंट पहिल्या आडव्यातून पुढे आला की लगेच त्याला पहिल्या उभ्यातून खाली उतरायची वाट आहे, म्हणजे पुढची सगळी शिडी कापून टाकली तरी एकूण २ च येतो, आणि पुढे जे काही जोडाल ते त्या उभ्याला पॅरलल जातं त्यामुळे तो २ कमीच होणार, वाढणार नाही. आणि पहिला आडवा तर टाळताच येत नाही, त्यामुळे १ च्या खाली जाणं शक्य नाही. उत्तर १ आणि २ च्या मध्ये अडकलं, अनंताला जागाच उरली नाही.

आता −१. पहिला कप्पा सोडून उरलेली शिडी म्हणजे तीच शिडी, तिला x म्हणा, ती पहिल्या उभ्याला पॅरलल आणि वर आडवा सिरीजमध्ये, म्हणून

x = 1 + x/(1+x)

सोडवलं की x² − x − 1 = 0, आणि x = १.६१८. इथपर्यंत फॉरवर्डवाला बरोबर आहे: हे समीकरण फक्त एवढंच सांगतं की उत्तर असलंच तर ते यात बसलं पाहिजे. उत्तर आहे का, हे वेगळं दाखवावं लागतं आणि बरेच सर फळ्यावर ते दाखवत नाहीत, ही तक्रार मला पण मान्य आहे.

मग दाखवू. शिडी एका कप्प्यानंतर कापा, दोननंतर कापा, तीननंतर कापा. कापलेलं टोक उघडं ठेवलं तर २, १.६६७, १.६२५, १.६१९, १.६१८२ असं खाली उतरत येतं. तेच टोक तारेने शॉर्ट केलं तर १, १.५, १.६, १.६१५, १.६१७६ असं वर चढतं. खरी अनंत शिडी म्हणजे त्या टोकाला उरलेलं काहीतरी जोडलेलं, आणि ते काहीही असलं तरी शॉर्टपेक्षा कमी नाही आणि उघड्यापेक्षा जास्त नाही, म्हणून उत्तर कायम या दोन रांगांच्या मध्येच राहणार. पाच कप्प्यांत दोघांतलं अंतर ०.०००५ च्या आसपास येतं. १+२+४ मध्ये असं करून बघा, १, ३, ७, १५, पळतच सुटलं, पकडायला दुसरी बाजूच नाही.

(अपूर्णांकात लिहिलं तर उघड्या टोकाचे २/१, ५/३, १३/८, ३४/२१ येतात, फिबोनाची ओळखीचा असेल तर मजा येईल.)

आणि इथेच ‘गुपचूप टाकलेल्या’ उत्तराचं पण कळतं. दुसरं उत्तर −०.६१८. ते निगेटिव्ह आहे आणि नुसत्या रेझिस्टरांचा रेझिस्टन्स निगेटिव्ह नसतो, एवढं कारण पुरेसं आहे, पण कॅल्क्युलेटरवर जे दिसतं ते जास्त भारी आहे. कुठलाही आकडा घ्या आणि त्याच्यापुढे एकेक कप्पा जोडत जा, म्हणजे x च्या जागी 1 + x/(1+x) टाकत रहा. १०० ने सुरू करा: १.९९, १.६६६, १.६२५, गेला १.६१८ कडे. आता मुद्दाम −०.६१८ च्या शेजारी बसा, −०.६ घ्या: −०.५, मग ०, मग १, मग १.५, मग १.६. पळून परत १.६१८ लाच आला! म्हणजे एक उत्तर ओढून घेतं, दर कप्प्याला चूक साधारण सातपट कमी करतं, आणि दुसरं ढकलून देतं, सातपट वाढवतं.

आता तुमचं −१ घ्या. तिथे पहिला १ सोडला की उरलेली म्हणजे तीच बेरीज दुप्पट, म्हणून नियम x = 1 + 2x. −०.९ ने सुरू करा: −०.८, −०.६, −०.२, ०.६, २.२ आणि पुढे गायब. −१ पण ढकलणारंच निघालं, आणि तिथे ओढून घेणारं दुसरं कोणी नाही. ट्रिक दोन्हीकडे तीच आहे, फरक एवढाच की शिडीत तिला धरायला काहीतरी आहे.

०.६१८ आणि २.७३२ ही उत्तरं चुकीची नाहीत, सर्किट वेगळी आहेत. सुरुवात उभ्या रेझिस्टरने केली तर ०.६१८. खालच्या तारेत पण आडवे रेझिस्टर घातले तर प्रत्येक कप्प्यात १ ऐवजी २ सिरीजमध्ये येतात आणि उत्तर १+√३, म्हणजे २.७३२. आकृती न बघता उत्तर जुळवलं की असं होतं.

बनवायचं म्हणाल तर एक किलोओहमचे दहा रेझिस्टर आणि ब्रेडबोर्ड, काम झालं. पाच कप्पे, टोक उघडं, हिशोबाने १६१८.१८ ओहम, अनंत शिडीचे १६१८.०३. फरक ०.१५ ओहमचा, आणि १ टक्कावाला पहिला रेझिस्टर एकटाच १० ओहम इकडेतिकडे करू शकतो, त्यामुळे मीटरला हा फरक दिसणारच नाही. का ते व्होल्टेज मोजलं की कळतं: ५ व्होल्ट लावले तर उभ्यांवर १.९१, ०.७३, ०.२८, ०.११, ०.०६ मिळतात. अनंत शिडीत १.९१, ०.७३, ०.२८, ०.११, ०.०४ असते. शेवटच्याला कळतं की पुढे कोणी नाही, पहिल्याला पत्ता पण लागत नाही. आणि टोकाला एकच १.६१८ किलोओहम लावला तर दोन कप्प्यांची शिडी पण अगदी अनंत शिडीच होते.

ही शेवटची युक्ती खरी वापरात आहे. उभे रेझिस्टर दुप्पट केले तर समीकरणातून बरोबर २ येतं आणि प्रत्येक पायरीला व्होल्टेज अर्धं होतं. डिजिटलचं अॅनालॉग करणाऱ्या R-2R शिडीत हेच लागतं, आणि तिच्या टोकाला जो एक जास्तीचा 2R असतो तो म्हणजे कापून टाकलेली अनंत शिडीच.

फॉरवर्डवाल्याचा संशय जिथे खरा ठरतो ती जागा मात्र वेगळी आहे. रेझिस्टर काढून आडव्या कॉइल आणि उभे कपॅसिटर लावा, दोन्ही आदर्श, आणि कटऑफच्या खालची फ्रिक्वेन्सी द्या. समीकरण तसंच सुटतं, पण कप्पे वाढवत गेलात तर आकडा वरखाली होत राहतो, कधीच स्थिरावत नाही, कारण इथे चूक कमी पण होत नाही आणि वाढत पण नाही. कॉइलला थोडा जरी रेझिस्टन्स दिला तर मग बसतं जागेवर.