२ नंबरचा डबा आणि तो एक जास्तीचा चमचा

"आईचं दूध पुरत नसेल तर १ नंबर देत बसू नका, सरळ २ नंबरचा डबा आणा, त्यात ताकद जास्त. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा एक चमचा जास्त टाका, बाळ रात्रभर झोपेल. गुळणी टाकली, रडलं की लॅक्टोज-फ्रीवर टाका. आणि डबा जितका महाग तितका चांगला."

आमच्या ऐरोलीच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा फिरतंय, दर वेळी खाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं आणि दोन दिवसांत माझ्या काउंटरवर कोणीतरी येऊन तेच मागतं. मी फार्मासिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून १४ वर्षं झाली, त्यामुळे बाळाच्या पावडरच्या दुधाचे हे डबे रोज हाताळते आणि रिकामे डबे घेऊन परत येणारी माणसंही रोज बघते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

नंबरपासून सुरू करू. डब्यावरचा आकडा वयाचा आहे. १ म्हणजे जन्मापासून, २ म्हणजे सहा महिने पूर्ण झाल्यावर, पुढचे ३ आणि ४ अजून मोठ्या वयाचे. शाळेतल्या इयत्तेसारखं समजा, दुसरीतलं पोरगं पहिलीतल्यापेक्षा हुशार असतं असं नाही ना. पटत नसेल तर डबा फिरवा आणि मागचा तक्ता बघा. तिथे दोन रकाने असतात, एक १०० ग्रॅम पावडरचा आणि दुसरा तयार केलेल्या १०० मिलि दुधाचा. आपल्याला हवा तो दुसरा, कारण बाळ पावडर खात नाही, कालवलेलं दूध पितं. १ नंबरच्या डब्यात तिथे १०० मिलिला ६५ ते ६७ च्या आसपास कॅलरी दिसतील, म्हणजे जवळपास आईच्या दुधाएवढ्याच. २ नंबरच्या डब्यातही आकडा त्याच आसपास असतो, पावडरच्या रकान्यात तर कित्येकदा थोडा कमीच. मग "ताकद" आहे कुठे?

फरक असतो तो प्रोटीन आणि क्षारांमध्ये, ते २ नंबरमध्ये सहसा जास्त असतात, कारण सहा महिन्यांनंतर बाळ वरचं खायला लागलेलं असतं आणि त्याच्या किडन्याही तोवर जरा तयार झालेल्या असतात. दीड-दोन महिन्यांच्या बाळाच्या किडनीला हे जास्तीचं बाहेर टाकायला पाणी लागतं आणि ते पाणी ती बाळाच्या अंगातूनच घेते. वजन वाढवायला दिलेली गोष्ट बाळाला कोरडं करत जाते.

ओळखायचं कसं तर मोठी चकचकीत अक्षरं सोडा आणि बारीक अक्षरात नाव काय छापलंय ते वाचा. "इन्फंट फॉर्म्युला" असेल तर ते जन्मापासूनचं, "फॉलो-अप फॉर्म्युला" असेल तर सहा महिन्यांनंतरचं. एकाच कंपनीचे दोन्ही डबे नुसत्या रंगाच्या पट्टीने वेगळे असतात, संध्याकाळच्या गर्दीत दुकानदाराकडूनही चुकीचा दिला जाऊ शकतो, माझ्या हातूनही एकदा तसं झालंय, गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत लक्षात आलं म्हणून बरं. आणि "सीरिअल" शब्द दिसला तर ते दूध नाहीच, ते वरचं अन्न आहे, सहा महिन्यांच्या आत बाटलीत जाता कामा नये. उलट बाजूने, सहा महिने झाले की २ नंबरवर जावंच लागतं असंही नाही, जागतिक आरोग्य संघटना फॉलो-अप फॉर्म्युला गरजेचा मानत नाही. वरचं खाणं नीट चालू असेल तर १ नंबर पुढेही चालू शकतो, लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या.

आता चमचा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून एक घडलेलं सांगते. घणसोलीचं एक जोडपं, बाळ सात आठवड्यांचं, वजन ३.४ किलो. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं, हे १२ ग्रॅमने वाढत होतं. डॉक्टरांनी आईचं पाजणं डोळ्यांनी बघितलं, मग सांगितलं की आधी दोन्ही बाजूंना घ्या आणि त्यानंतर दिवसातून चार वेळा ६० मिलि पाण्यात केलेलं वरचं दूध वाटी-चमच्याने द्या. डबा लिहून दिला १ नंबरचा, ४०० ग्रॅमचा. त्या डब्याचं प्रमाण होतं ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा आणि एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम. म्हणजे एका वेळी दोन चमचे, दिवसाला आठ, म्हणजे ३६ ग्रॅम. ४०० ग्रॅम किमान अकरा दिवस पुरायला हवं.

सातव्या दिवशी बाळाचे बाबा रिकामा डबा घेऊन दुकानात हजर आणि वर म्हणाले, "मॅडम, आता २ नंबर द्या, ह्याने पोट भरत नाहीये त्याचं, सारखं रडतं."

मी म्हटलं थांबा, दिवसातून किती वेळा देताय? चारच वेळा. पाणी किती? ६० मिलि. मग डबा सात दिवसांत गेला कुठे? मी कॅल्क्युलेटर काढला, ४०० भागिले ७, दिवसाला ५७ ग्रॅम, म्हणजे बारा चमच्यांच्या वर. एका वेळी दोनच्या जागी तीन. बाबा जरा वरमले, म्हणाले आजीने मेसेज वाचला होता, एक जास्त टाकते ती. आजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नातू वाढत नाही म्हटल्यावर कोणाचाही हात सैल सुटतो.

पण तीन चमच्यांनी ते दूध दीडपट घट्ट झालं, १०० मिलिला ६७ च्या जागी शंभराच्या आसपास कॅलरी, आणि तेवढंच प्रोटीन आणि मीठही दीडपट. बाळाला तहान लागते, ते रडतं, आपल्याला वाटतं भुकेलं, आपण पुन्हा तेच घट्ट दूध देतो. मी विचारलं शी कशी होते? खड्यासारखी कडक. लघवी? दिवसाला चार-पाच दुपटी, गडद पिवळी. पाच-सहा दिवसांच्या पुढच्या बाळाची दिवसाला निदान सहा दुपटी चांगली ओली व्हायला हवीत. मे महिना होता, त्यात पत्र्याखालचं घर. मी डबा दिला नाही, तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. बाळ मलूल असेल, टाळू आत गेल्यासारखी दिसत असेल, तर त्याच दिवशी जायचं, घरी साधं पाणी पाजून भरपाई करायला जाऊ नका. त्या बाळाचं थोडक्यात निभावलं, डॉक्टरांनी प्रमाण पुन्हा दोन चमच्यांवर आणलं आणि पुढचा डबा अकराव्या दिवशी संपला, बाबा मुद्दाम सांगायला आले.

डबा किती दिवस पुरला हा हिशोब मी तेव्हापासून सगळ्यांनाच करायला लावते, कारण तो उलटाही चालतो. अकरा दिवसांचा डबा वीस दिवस पुरला तर कोणीतरी पुरवून वापरतंय, दूध पातळ होतंय आणि बाळ पोट भरूनही उपाशी आहे. दर वेळी आधी पाणी मोजा, मग पावडर टाका, चमचा सुरीच्या पाठीने सपाट करा, दाबून भरू नका. जुन्या डब्यातला किंवा दुसऱ्या कंपनीचा चमचा वापरू नका, काही चमचे मोठे असतात आणि त्यांचं पाणीही वेगळं असतं, ते त्याच डब्यावर लिहिलेलं असतं. आणि रात्रभर झोपेचं म्हणाल तर सात आठवड्यांचं बाळ रात्री उठतंच, तो काही आजार नाही.

लॅक्टोज-फ्रीबद्दल मात्र मला खरंच राग येतो, कारण ह्यात बाळाचा कधी कधी महिनाभर वाया जातो. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर आणि ती आईच्या दुधातही भरपूर असते, १०० मिलिला साधारण ७ ग्रॅम. जन्मतः ती न पचणारं बाळ फार फार दुर्मिळ. जोराचे जुलाब झाल्यावर काही दिवस पचत नाही, तेव्हा डॉक्टर थोड्या काळासाठी असा डबा लिहून देतात, मग परत साधा. दूध प्यायल्यावर थोडी गुळणी टाकणं आणि वजन नीट वाढणं, ह्यात डबा बदलण्यासारखं काही नाही.

खरी अडचण कधी असते तर गाईच्या दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी असते तेव्हा. शीमध्ये रक्ताचे धागे, अंगावर न जाणारं खरखरीत पुरळ, सतत उलट्या आणि वजन अडकलेलं. इथे लॅक्टोज-फ्री घेऊन काही होत नाही, कारण साखर काढली तरी प्रोटीन गाईचंच राहतं. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, तिथे मिल्क सॉलिड्स, केसीन, व्हे असं काही दिसलं की समजायचं. अशा बाळांना प्रोटीनचे बारीक तुकडे केलेला, म्हणजे "एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड" लिहिलेला डबा लागतो आणि तो डॉक्टरच ठरवणार. सोयाचा डबाही आपल्या मनाने नको, ॲलर्जीवाल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही आणि कमी दिवसांच्या बाळांना तो देत नाहीत.

महागाचं एका दमात सांगते. डब्यात मूळ पोषण किती हवं ते एफएसएसएआयच्या नियमांनी बांधलेलं आहे, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही, त्यामुळे स्वस्त १ नंबर आणि महाग १ नंबर त्याच चौकटीत बसतात, वरचे पैसे बहुतेक जास्तीच्या घटकांचे आणि नावाचे. बाकी १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळाच्या दुधाची जाहिरात करायला, फुकट सॅम्पल किंवा स्कीम द्यायला बंदी आहे आणि १ नंबरच्या डब्यावर बाळाचा फोटोही छापता येत नाही. तेव्हा "अमुक डब्याने वजन वाढतं" असा फॉरवर्ड आला की तो कोणाच्या फायद्याचा असेल ह्याचा मला तरी आधी संशय येतो.

महाग-स्वस्तपेक्षा डब्याचा आकार बघा. उघडलेला डबा लेबलवर लिहिलेल्या मुदतीत संपवायचा असतो, बहुतेक ठिकाणी तीन ते चार आठवडे, आणि ती छापलेल्या एक्स्पायरीपेक्षा वेगळी मुदत आहे. दिवसातून एकदाच ६० मिलि देत असाल तर ४०० ग्रॅमचा डबा दीड महिना चालेल, म्हणजे शेवटचे दोन-तीन आठवडे तुम्ही मुदत संपलेली पावडर देताय. लहान पॅक मागा. आणि डबा उघडला की झाकणावर मार्करने तारीख टाका, मी तर काउंटरवरच पेन हातात देते.