बागायतदारांच्या स्लाइडवर 'पक्वता' की 'चौदा आणे'?

रत्नागिरी-देवगडकडे आंबा बागायतदारांच्या प्रशिक्षणांसाठी मी स्लाइड तयार करतो, आणि दर हंगामात एकच वाद होतो. भाषा बोलीतली ठेवायची की पुस्तकी? माझं मत ठाम आहे: समोर कोण बसलंय ते आधी विचारा, मगच पहिली ओळ टाइप करा.

काढणीची स्लाइड घ्या. साधारण अशी येते: "फळांची काढणी ८५ टक्के पक्वतेस, देठासहित, झेल्याच्या साहाय्याने करण्यात यावी." कृषी अधिकाऱ्यांच्या बैठकीत हे वाक्य अगदी योग्य आहे. त्यांना ते अहवालात उतरवायचं असतं, टक्केवारी लागते. पण समोर बागायतदार असतील तर मी लिहितो: "आंबा चौदा आणे झाला की काढा. देठ ठेवून काढा. चीक सालीवर पडू देऊ नका."

कुणी म्हणेल, सोळातले चौदा म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के होतात, हे ढोबळ झालं. पण बागेत टक्के कोणीच मोजत नाही. देठाजवळचे खांदे भरून वर आलेत का, सालीचा गर्द हिरवा रंग जरा फिकट झालाय का, पाण्यात टाकल्यावर आंबा बुडतो का, हे बघून माणूस 'चौदा आणे' म्हणतो. तो शब्द वाचला की ही सगळी खूण त्याच्या डोळ्यासमोर येते. '८५ टक्के पक्वता' वाचून येत नाही. आणि नेमकी वेळ साधणं इथे फार महत्त्वाचं आहे: कोवळा काढला तर नीट पिकत नाही, झाडावर जास्त तयार होऊ दिला तर साक्याची, म्हणजे आतला गर खराब होण्याची, भीती वाढते.

दुसरी गोष्ट 'करण्यात यावी'ची. हे कोणी करायचं, ते त्या वाक्यातून कळतच नाही. गडी झाडावर, मालक खाली, आणि चीक गळायला देठ खाली करून ठेवायचं काम कोणाचं? 'काढा', 'ठेवा', 'पडू देऊ नका' म्हटलं की समोरच्याला काम दिसतं. आज्ञार्थ उद्धट वाटेल अशी भीती काहींना असते. 'तुम्ही'चं रूप वापरलं की कोणाला काही वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

मापाचंही तसंच. एखाद्या औषधाची शिफारस १० लिटर पाण्याला ९ मिली अशी छापलेली असते, पण बागेत फवारणी २०० लिटरच्या बॅरलवरून होते. म्हणून स्लाइडवर सरळ "२०० लिटरच्या बॅरलला १८० मिली" लिहा. मूळ आकडा खाली लहान अक्षरांत राहू द्या, पडताळायला लागतो.

पण बोलीतलं म्हणजे मालवणी लिहायचं, असा अर्थ कोणी काढू नये. मला मालवणी अतिशय प्रिय आहे आणि बोलताना ती वापरावीच. स्लाइडवर मात्र 'झाडाक', 'आंबो' वाचायला माणूस अडखळतो. कारण शाळेत, पेपरात, सातबाऱ्यावर तो प्रमाण मराठी वाचतो, आणि मालवणी कानाने ओळखतो. शिवाय संगमेश्वरकडची बोली वेगळी, वेंगुर्ल्याची वेगळी. सरळ, घरगुती प्रमाण मराठी लिहा आणि तोंडाने मालवणीत समजवा. दोन्ही एकत्र छान चालतात.

काही शब्द मात्र बदलायचेच नाहीत. औषधाचं नाव, त्याचं प्रमाण, आणि फवारणी व काढणी यांत सोडायचा 'प्रतीक्षा कालावधी'. हा शब्द जड आहे हे मान्य, पण परदेशी पाठवायच्या मालात औषधाचा अंश राहिला तर माल अडकतो, आणि तेव्हाच्या कागदावर असलीच भाषा असते. म्हणून मी तो शब्द ठेवतो आणि खालच्या ओळीत लिहितो: "शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस आंबा काढायचा नाही." 'इतके'च्या जागी त्या औषधाच्या लेबलवरचा आकडा.

अनुस्वाराकडेही लक्ष हवं. बोलीत 'करायचं', 'काढायचं' असे टिंबाचे शब्द खूप येतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात दुपारचा उजेड असतो, प्रोजेक्टर जुना, फॉन्ट बारीक, आणि मागच्या रांगेला ते टिंब दिसतच नाही. जाड फॉन्ट घ्या, नाहीतर 'करा', 'काढा' अशी रूपं वापरा. आणि एकाच स्लाइडवर 'केले' आणि 'केलं' यांची मिसळ नको, वाचणारा मध्येच थबकतो.

सभेत अधिकारी आणि बागायतदार दोघेही असतील तर? मी पडद्यावरची भाषा बागायतदारांची ठेवतो आणि पुस्तकी मजकूर छापील पत्रकात देतो. अधिकाऱ्याला दोन्ही वाचता येतात. पत्रक घरी नेऊन सावकाश वाचता येतं, पडद्यावरची ओळ अर्ध्या मिनिटात निघून जाते.