जमा म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि शिल्लक म्हणजे ऐपतही नव्हे

कर्जाच्या फायली तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पगारदार माणसाची फाइल अर्ध्या तासात हातावेगळी होते. स्वतःचा व्यवसाय असलेल्या माणसाची फाइल मात्र घाईत वाचली की त्याच्यावर अन्याय होतो, नाहीतर संस्थेचे पैसे अडकतात. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमधली एकूण जमा घ्यायची, सहाने भागायची आणि ठरावीक टक्के नफा धरायचा, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. एक फाइल सांगते म्हणजे का ते कळेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अर्जदार फर्निचर बनवणारे. स्वतःचं छोटं वर्कशॉप. अर्जात मासिक उलाढाल तीन लाख लिहिलेली. चालू खात्याच्या स्टेटमेंटवर सहा महिन्यांची जमा बरोबर १८ लाख, म्हणजे त्यांचा आकडा खोटा नव्हता. पण जमेच्या बाजूला पडलेली प्रत्येक रक्कम ग्राहकाकडूनच आलेली असते असं नाही, म्हणून मी आधी जमेच्या नोंदी एकेक करून वाचते.

चौथ्या महिन्यात तीन लाख एकरकमी आले होते. ते दुसऱ्या एका संस्थेचं कर्ज होतं आणि त्याच आठवड्यात त्यातले २,८०,००० मशीन विकणाऱ्याकडे गेले होते. कर्ज हे उत्पन्न नाही, तसंच मशीनची खरेदी हा महिन्याचा चालू खर्चही नाही, म्हणून दोन्ही बाजूला काढले. एक ६०,००० चा चेक ११ तारखेला जमा दिसत होता आणि १३ तारखेला वटला नाही म्हणून परत नावे पडला होता. नुसती जमेची बेरीज केली की असे चेक उत्पन्नात मोजले जातात. शिवाय त्यांच्याच बचत खात्यातून वेळोवेळी २,४०,००० आले होते. एवढं वजा केल्यावर राहिले १२ लाख, म्हणजे महिन्याला दोन लाख.

मग नावे बाजू. लाकूड, प्लायवूड, हार्डवेअर यांचे व्यापारी नावानिशी दिसत होते, सहा महिन्यांत ५,४०,०००. भाडं, वीज आणि वाहतूक मिळून ९२,०००. कारागिरांची मजुरी कुठेच नव्हती. एवढं काम एकटा माणूस करू शकत नाही, म्हणून मी रोख काढलेल्या नोंदींच्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. दर शनिवारी ८,०००. एकही शनिवार चुकलेला नाही, अगदी खात्यात जेमतेम पैसे असतानाही नाही. घरखर्चाचे पैसे माणूस मागेपुढे काढतो, पण मजुरीचा वार चुकवता येत नाही. फोनवर विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "हो मॅडम, दोन कारागीर आहेत, आठवड्याला देतो." २६ शनिवारांचे झाले २,०८,०००. एकूण खर्च ८,४०,०००. हातात राहिले ३,६०,०००, म्हणजे महिन्याला ६० हजार.

बरेच जण इथे थांबतात. मी शेवटचा महिना वेगळा वाचते, कारण अर्जाच्या आधीच्या महिन्यात खातं नेहमीपेक्षा भरलेलं दिसण्याची शक्यता जास्त असते. काही जण उसने पैसे आणून शिल्लक फुगवतात. तसं असेल तर मोठी गोल रक्कम येते आणि काही दिवसांत त्याच नावावर परत जाते. इथे तसं काही नव्हतं. शेवटच्या महिन्यात २,८०,००० आले होते आणि त्यातले १,१०,००० एकाच ग्राहकाचे होते. विचारल्यावर कळलं की ती नव्या कामाची अ‍ॅडव्हान्स आहे आणि लाकूड अजून घ्यायचंय. ज्या कामाचा खर्च अजून व्हायचाय त्याची रक्कम नफ्यात धरली, तर मिळकत खऱ्यापेक्षा मोठी दिसते. ती काढली आणि उरले अडीच लाख, महिन्याला ४२ हजारांच्या आत. पहिल्या महिन्यात याच्या उलटं घडलेलं असू शकतं, म्हणजे आधीच्या कामाचे पैसे आत आणि त्याचा खर्च स्टेटमेंटच्या बाहेर. म्हणून पहिल्या महिन्यातल्या मोठ्या रकमांबद्दलही विचारलं. ती कामं त्याच महिन्यात सुरू होऊन संपली होती, त्यामुळे तिथे काही बदललं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय ती. इथवर मी फक्त वजाबाकी करत होते. कडक तपासणी म्हणजे नुसती वजाबाकी, असा समज आमच्या कामात फार पसरला आहे. बचत खात्यातून आलेले ते २,४०,००० मी काढून टाकले होते, पण बचत खात्यात ते कुठून आले हे पाहिलं नव्हतं. म्हणून त्या खात्याचंही स्टेटमेंट मागवलं. त्यातले १,५०,००० याच चालू खात्यातून आधी तिकडे गेलेले होते, म्हणजे पैसे नुसते घर बदलत होते. उरलेले ९०,००० मात्र तीन ग्राहकांनी थेट बचत खात्यात पाठवले होते. नावं कामाच्या पावत्यांशी जुळली. ते खरं उत्पन्न होतं आणि मी ते पुसून टाकलं होतं. परत मिळवल्यावर ३,४०,००० झाले, महिन्याला साधारण ५६,७००. दुसरं खातं न मागवता मी निर्णय दिला असता, तर त्या माणसाच्या मिळकतीचा चौथा भाग माझ्या आळसापायी गेला असता.

पुढे प्रश्न हप्त्याचा. आमच्याकडे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसवतो. निम्मे म्हणजे २८ हजार, त्यात मशीनच्या कर्जाचे १२ हजार आधीच जातात. म्हणजे नव्या हप्त्याला १६ हजार. त्यांनी मागितलेल्या कर्जाचा हप्ता २५ हजार येत होता. ते जमणारं नव्हतं, हे मी त्यांना आकडे समोर ठेवून सांगितलं.

सरासरीत एक गोष्ट लपते. पाचव्या महिन्यात ग्राहकांकडून चालू खात्यात फक्त ९० हजार आले होते आणि मशीनचा पहिलाच हप्ता ५ तारखेला परत गेला होता. तीन दिवसांनी भरला गेला. नियमाकडे बोट दाखवून अर्ज इथेच नाकारता आला असता. पण मी प्रत्येक महिन्याची ५, १०, १५, २० आणि २५ तारखेची शिल्लक लिहून काढली. ५ आणि १० ला खातं जवळजवळ रिकामं, २० ला भरलेलं, सहाही महिने. त्यांचे मोठे ग्राहक पंधरा तारखेनंतर पैसे देत होते. पैसे नाहीत म्हणून परत गेलेला हप्ता आणि चुकीच्या तारखेमुळे परत गेलेला हप्ता स्टेटमेंटवर एकसारखाच दिसतो, फरक कळतो तो आजूबाजूच्या शिल्लकांवरून. प्रत्येक महिन्यात वेगवेगळ्या तारखांना हप्ते परत गेले असते, तर मी हे कर्ज दिलंच नसतं.

सहा महिन्यांत वर्षाचा हंगाम दिसत नाही, म्हणून मागच्या दोन वर्षांची कर विवरणपत्रंही पाहिली. तिथली वार्षिक मिळकत महिन्याच्या ५५ हजारांच्या आसपास येत होती. स्टेटमेंटचा आकडा त्याच्या जवळ बसला, तेव्हा मला खात्री वाटली.

१६ हजारांच्या हप्त्यात बसेल एवढं कर्ज मंजूर झालं. हप्त्याची तारीख २२ ठेवली. आधीच्या संस्थेकडेही तारीख बदलून मागायला त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ती बदलून घेतली.