साउंडबारमध्ये कुठलंही लॉक नाही

«साउंडबारवर टीव्ही आणि मोबाईल दोन्हींचा आवाज एकाच वेळी येतो, कंपन्या लपवतात! ब्लूटूथचं बटण १० सेकंद दाबा, लॉक उघडेल. नाही जमलं तर टीव्हीचा हेडफोन जॅक आणि मोबाईल वाय-केबलने जोडून ऑक्समध्ये घाला. किंवा ब्लूटूथ ५.३ चा बार घ्या.»

माझे मामा वरचा मेसेज वाचून वाय-केबल घेऊन आले, म्हणून आधी तिच्याबद्दल. ही केबल एका आउटपुटचे दोन भाग करायला असते, दोन आउटपुट एकत्र करायला नाही. टीव्ही आणि फोन दोघेही आपापला आवाज बाहेर ढकलतात. त्यांच्या तारा थेट जोडल्या की प्रत्येकाचा करंट बारकडे जायच्या ऐवजी दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये घुसतो. आवाज दबतो, फाटतो, आणि जॅकमागचं सर्किट खराब होण्याचाही धोका असतो. दोन आवाज तारेने एकत्र करायचेच असतील, तर मध्ये छोटा ऑडिओ मिक्सर लागतो. कृपा करून ती केबल काढा.

बटण दाबून धरलं की बहुतेक बार नवा फोन शोधू लागतात. दिवा भराभर लुकलुकतो आणि आधीचा फोन सुटतो. बस, एवढंच.

५.३ चंही तसंच. ब्लूटूथवर गाणी सहसा ए-टू-डीपी या प्रोफाइलने, म्हणजे ठरलेल्या नियमांनी येतात. त्याच्या अधिकृत व्याख्येत एक पाठवणारा, एक घेणारा आणि त्यांच्यातला आवाजाचा प्रवाह एवढंच ठरवलेलं आहे. तो आवाज टीव्हीच्या एचडीएमआय केबलमधून आलेल्या आवाजात मिसळणं हे बारचं काम, ब्लूटूथचं नव्हे.

आता मान्य करायची गोष्ट: मिसळणं अशक्य नाही. कॉम्प्युटर व्हिडिओवर नोटिफिकेशन वाजवतोच. पण टीव्हीचा आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा, बऱ्याचदा डॉल्बी या डिजिटल पद्धतीने दाबून बांधलेला असतो. गाणी बरेचदा ४४,१०० ची, आणि दोघांची घड्याळं वेगळी. दोन्ही एकाच वेळी उलगडून, एका गतीवर आणून मिसळणारी सोय बारमध्येच असावी लागते. घरगुती बारमध्ये ती सहसा नसते. सोर्सचं बटण एका वेळी एकच वाट उघडतं.

मामांना मॅच बघताना गाणी हवी होती. त्यासाठी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट 'टीव्ही स्पीकर' करा आणि बार ब्लूटूथवर ठेवा. कॉमेंट्री टीव्हीतून, गाणी बारमधून. टीव्ही चालू करताच बार गाणं तोडून टीव्हीकडे पळत असेल, तर टीव्हीतलं एचडीएमआय-सीईसी, म्हणजे केबलवरून एकमेकांना हुकूम देण्याची सोय, बंद करा. मात्र मग टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होणार नाही, आणि एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने बारकडे नेणारी सोय, तीसुद्धा काही टीव्हींवर बंद पडते.

फोनच्या यादीत बार दिसतच नसेल, तर टीव्हीच ब्लूटूथने बारला जोडलेला आहे का ते पाहा. ती जागा टीव्हीने अडवलेली असते. टीव्हीला एचडीएमआय एआरसीच्या केबलने जोडा, टीव्हीच्या ब्लूटूथ यादीतून बार काढून टाका, मग फोन जोडा.